꽃 च्या सात ओळी आणि चार लाल खुणा: बाच्छिम नेमका कधी बदलतो?

तळ्यातमळ्यात (शनिवार, रात्री 9:50)

गेले सात महिने पुण्यात शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन कोरियन शिकतेय. अक्षरं ओळखता येतात, हळूहळू वाचताही येतं. अडतं ते बाच्छिमपाशी, म्हणजे अक्षराच्या तळाला जे व्यंजन बसतं तिथे.

आज वर्गात एक वर्कशीट दिलं होतं. पहिल्या भागात लिहिलं होतं 소리 나는 대로 쓰세요, म्हणजे जसं ऐकू येतं तसं लिहा. सगळ्या ओळी एकाच शब्दावर होत्या, 꽃 म्हणजे फूल. माझी उत्तरं ही:

꽃 → [꼳] बरोबर
꽃도 (फूलसुद्धा) → [꼳또] बरोबर
꽃하고 (फुलाबरोबर) → [꼬타고] बरोबर
꽃이 (फूल, कर्ता म्हणून) → [꼬디] चूक
꽃만 (फक्त फूल) → [꼳만] चूक
꽃 위 (फुलावर) → [꼬취] चूक
꽃잎 (पाकळी) → [꼬칩] चूक

शिकवलं होतं की तळाला ㅊ आला की तो त् सारखा ऐकू येतो. म्हणून 꽃이 मध्ये ㄷ लावला, तर चूक. बाईंनी [꼬치] लिहून दिलं. म्हटलं, ठीक, पुढे स्वर आला की ㅊ परत येतो. तोच नियम धरून 꽃 위 ला ㅊ लावला, तर तेही चूक, तिथे म्हणे ㄷ हवा! विचारलं तर उत्तर मिळालं, "ऐकून ऐकून सवय होईल."

आणि कडी म्हणजे दुसऱ्या भागात श्रुतलेखन होतं. बाईंनी "क्कोन्मान सायो" असं वाचलं. मी खुशीत 꼰만 사요 लिहिलं, कारण दहाच मिनिटांपूर्वी 꽃만 चं उत्तर त्यांनीच [꼰만] असं लिहून दिलं होतं. त्यावरही लाल खूण. आता मला सांगा, हा खेळ काय आहे?

खारीबिस्कीट (रात्री 10:05)

अगं, हे कीबोर्डमुळे होतं. माझंही व्हायचं. कॉम्प्युटरवर कोरियन कीबोर्ड लावलास की ㅊ हा C वर असतो, आणि दुहेरी ㄲ साठी Shift दाबून R. मध्ये H दाबलं की ㅗ. Shift+R, H, C केलं की 꽃 नीट उमटतं. तू बहुतेक C ऐवजी दुसरंच काही दाबत असशील.

तळ्यातमळ्यात (रात्री 10:09)

खारी, वर्कशीट कागदावर आहे गं. पेन्सिलने लिहिलं. :)

शास्त्रीबुवा (रात्री 10:40)

ताई, यात खेळ वगैरे काही नाही, ही आपली व्यंजनसंधी आहे. वाक् + मय = वाङ्मय. जगत् + नाथ = जगन्नाथ. कठोर व्यंजनापुढे अनुनासिक आलं की त्याच्या जागी त्याच वर्गातलं अनुनासिक येतं. 꽃 चा उच्चार क्कोत्, पुढे म आला, त् चा न् झाला, क्कोन्मान. मला कोरियन येत नाही, पण नियम डोळ्यांसमोर लख्ख दिसतो.

आता पुढचं. जगत् + ईश = जगदीश. पुढे स्वर आला की त् चा द् होतो. त्या न्यायाने 꽃이 चं तुमचं [꼬디] हे उत्तर बरोबरच आहे आणि बाईंची चूक आहे. त्यांना हे दाखवा.

चाकणकर (रविवार, सकाळी 7:15)

थांबा थांबा, बाईंना काही दाखवू नका. बाई चारही ठिकाणी बरोबर आहेत, फक्त कारण सांगितलं नाही त्यांनी. मी अकरा वर्षं चाकण आणि रांजणगावच्या कोरियन कारखान्यांमध्ये दुभाष्याचं काम करतोय, त्याआधी हीच चूक मीही पोतंभर केलीय.

शास्त्रीबुवांचं निम्मं इतकं बरोबर आहे की मला ते शिकताना कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. बुवा, तुम्हालाच एक विचारतो. जगत् सोडा, वाच् घ्या. एकटा शब्द म्हणून वाक्. पुढे मय आलं की वाङ्मय. पुढे ईश आला की?

शास्त्रीबुवा (सकाळी 7:40)

वागीश. म्हणजे माझंच म्हणणं झालं ना, स्वरापुढे मृदू व्यंजन.

चाकणकर (सकाळी 7:52)

आणि तृतीया एकवचन?

शास्त्रीबुवा (सकाळी 8:20)

वाचा. कायावाचामने मधलं.

हं. लक्षात आलं. तिथे च् शाबूत राहतो.

चाकणकर (सकाळी 9:05)

तेच! पुढे स्वर दोन्हीकडे आहे. पण वाचा मध्ये तो आ म्हणजे विभक्तीचा प्रत्यय, त्याला स्वतःचं घर नाही, म्हणून मूळचा च् सरळ त्याच्याकडे जातो. वागीश मध्ये ईश हा स्वतंत्र शब्द आहे. त्यामुळे आधी वाच् चा वाक् होऊन दार बंद होतं, आणि मग त्या बंद दाराची ईश शी गाठ पडते.

तळ्यातमळ्यात, आता तुझी ओळ बघ. 꽃이 मधला 이 हा प्रत्यय आहे, आपल्या ने-ला-चा सारखा. म्हणून मूळचा ㅊ उचलून त्याच्याकडे जातो, क्कोछी. 꽃을, 꽃에, 꽃은 सगळ्यांत तोच ㅊ ऐकू येईल. 꽃 위 मधला 위 म्हणजे 'वरची बाजू', तो एकटा उभा राहू शकणारा शब्द आहे. म्हणून आधी 꽃 चा 꼳 होतो आणि मग तो ㄷ पुढे सरकतो, क्कोद्वी, [꼬뒤]. तू दोन्ही ठिकाणी स्वर पाहिलास, तो स्वर कुणाचा आहे ते नाही पाहिलंस.

बोलण्यात याची सगळ्यात जास्त गाठ 못 शी पडते ('शकत नाही' वालं). कपडा म्हणजे 옷, त्याला 이 लागला की ओशी, स सारखा आवाज येतो. पण 못 와요, 'येऊ शकत नाही', हे मोद्वायो. मोस्वायो म्हणालीस तर कोरियन माणूस दोन सेकंद तुझ्याकडे बघत राहील. कारण 와요 हे स्वतंत्र क्रियापद आहे. 맛없다, 'बेचव', तसंच, मादॉप्त्ता.

आता 꽃만. इथे स्वर नाही, व्यंजन आहे. ㅊ आधी ㄷ होतो (तळाला काहीही लिहिलेलं असो, तोंडातून सातच आवाज निघतात: क्, न्, त्, ल्, म्, प्, ङ्), आणि मग तो ㄷ पुढच्या म मुळे न् होतो. तू पहिली पायरी केलीस आणि तिथेच थांबलीस, म्हणून 꼳만. अर्धवट सोडलेलं गणित आहे, चुकलेलं नाही. मी शिकवत असतो तर अर्धा गुण दिला असता.

꽃하고 तुझं बरोबर आलं, पण ते का बरोबर आलं ते तपासून घे. तिथेही आधी 꼳, मग ㄷ आणि ㅎ मिळून ㅌ. थेट ㅊ नेला असतास तर क्कोछागो झालं असतं, तसं कुणी म्हणत नाही.

तळ्यातमळ्यात (सकाळी 9:30)

बापरे, वाचा आणि वागीश! हे मी जन्मात विसरणार नाही. पण 꽃잎? 잎 म्हणजे पान, स्वतंत्र शब्द. मग तुमच्याच हिशेबाने [꼬딥] यायला हवं. बाईंनी [꼰닙] लिहिलंय. हा न कुठून टपकला?

चाकणकर (सकाळी 10:10)

खरंच टपकलेला आहे. लिहिण्यात कुठेच नाही.

कोरियन प्रमाण उच्चाराचे नियम सरकारने 1988 मध्ये जाहीर केले, अंमल 1989 पासून. त्यात पंधरावं कलम आहे ते 꽃 위 वालं. पण ते नीट वाचलं तर त्यात पुढच्या शब्दाचे स्वर मोजून दिलेत: आ, ऑ, ओ, उ आणि वी. इ आणि य-कुळातले (या, यॉ, यो, यू) त्यात नाहीत. त्यांची सोय एकोणतिसाव्या कलमात आहे: जोडशब्दात पहिला भाग व्यंजनाने संपला आणि दुसरा या स्वरांनी सुरू झाला, तर मध्ये एक न घालायचा.

म्हणून पायऱ्या अशा. 꽃 + 잎. मध्ये न आला, 꽃 + 닙. ㅊ चा ㄷ झाला, 꼳닙. पुढच्या न मुळे ㄷ चा न झाला, 꼰닙. आणि शेवटचा ㅍ तळाला आहे म्हणून तो प् सारखा बंद. क्कोन्निप्. लिहिलेल्या तीन व्यंजनांतलं फक्त पहिलंच जसंच्या तसं राहिलं.

त्यालाच पुढे 이 प्रत्यय लागला, 꽃잎이, तर? तळाचा ㅍ मोकळा होतो, क्कोन्निफी. एकाच शब्दात एका सांध्याला स्वतंत्र शब्द आहे आणि दुसऱ्याला प्रत्यय, दोन्ही नियम शेजारी शेजारी बसलेत. रंगीत पेन्सिल 색연필 घे, 색 + 연필, वाचताना सेंग्न्यॉन्फिल. तोच न.

पण हा न दरवेळी येत नाही, आणि इथे मीही हात टेकतो. 첫인상, 'पहिली छाप', स्वर इ आहे, शब्द स्वतंत्र आहे, तरी उच्चार छॉदिन्सांग. न नाही. 1950 च्या युद्धाला तिकडे 육이오 म्हणतात (जूनच्या 25 तारखेला सुरू झालं म्हणून सहा-दोन-पाच), तेही युगिओ, न नाही. नियमात अपवाद म्हणूनच दिलंय. त्यामुळे इ आणि य दिसला की शब्दकोश बघायचा, दुसरा उपाय नाही.

मुक्काम_पोस्ट (सकाळी 11:00)

मी कोरियन शिकत नाही, पण मागच्या वर्षी सोलला गेलो होतो. मेट्रोच्या पहिल्या लाइनवर एक स्टेशन आहे, रोमन लिपीत जोंगनो लिहिलंय. मला हंगुल थोडं वाचता येतं, तिथे 종로 आहे, म्हणजे जोंगरो. बोर्डावर चूक आहे असं समजून मी फोटोही काढून ठेवला होता!

चाकणकर (सकाळी 11:20)

बोर्ड बरोबर आहे. रोमन लिपी उच्चाराप्रमाणे लिहितात, हंगुल शब्दाप्रमाणे. मात्र तुमच्या उदाहरणात बाच्छिम बदललेला नाही, त्याच्यामागून येणाऱ्या ㄹ चा न झालाय. आजच्या धाग्यात ते राहू द्या, नाहीतर आमच्या ताई गोंधळतील.

सुपारीफुल (दुपारी 1:35)

सुवॉनहून लिहितेय, इथे सहा वर्षं झाली. माझा मुलगा इथल्या सरकारी शाळेत पहिलीत आहे आणि घरी श्रुतलेखनाचा कागद येतो, म्हणून हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावरचाच आहे.

तळ्यातमळ्यात, तू लिहिलंस ना 꼰만, तसंच इथली कोरियन मुलंही लिहितात. पोरं ऐकतात तसं लिहितात, 같이 (एकत्र) ला 가치 लिहितात. आईवडील हसतात आणि खोडरबर देतात. त्यामुळे लाज वाटून घेऊ नकोस.

पण चौकोनी कंसाबद्दल एक सांगते. कंसात लिहिलेलं असतं तो कानाचा हिशेब, त्याला लेखन समजायचं नाही. कंसाबाहेर शब्दाचं मूळ रूपच राहतं, मग उच्चार काहीही होवो. मराठीत आपण संधी झाली की लिहिणंही बदलतो, वाक्मय लिहीत नाही, वाङ्मय लिहितो. कोरियन लोक वाक्मय लिहितात आणि वाङ्मय वाचतात. हे 1933 पासूनच्या लेखननियमांत ठरलंय. त्यामुळे 꽃 डोळ्यांना कुठेही दिसलं तरी फूलच दिसतं.

आता थोडं भांडण. चाकणकर, नियम तुम्ही सांगताय ते छापील आहेत. माझ्या शेजारणी 꽃이 ला सर्रास क्कोशी म्हणतात. स्वयंपाकघर 부엌, त्याला 에 लागून नियमाने बुऑखे व्हायला हवं, मी तरी बुऑगेच ऐकते. कोंबडी 닭, त्याला 이 लागला तर पुस्तकात ताल्गी, बाजारात तागी. मग वर्गात शिकवायचं काय?

चाकणकर (दुपारी 3:10)

सुपारीताई, मान्य. कारखान्यातही मी ताल्गी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, बातम्या वाचणारे सोडले तर. पण परीक्षेत आणि वर्कशीटमध्ये क्कोशी लिहिलं तर ते कापणार. मला विचाराल तर शिकणाऱ्याने आधी छापील धरावं, कारण ते धरल्याशिवाय लिहिता येत नाही. क्कोशी म्हणणाऱ्या तुमच्या शेजारणीही लिहिताना 꽃 च लिहितात ना?

सुपारीफुल (दुपारी 3:25)

लिहितात, पण मुलं नाही लिहीत! ऐकून ऐकून ㅅ लिहितात. मला वाटतं नियम बदलायची वेळ आलीय. असो, यावर आपलं जमणार नाही.

तळ्यातमळ्यात (दुपारी 4:00)

मग श्रुतलेखनात ओळखायचं कसं? क्कोन्मान ऐकलं तर त्या न् च्या मागे ㄴ, ㄷ, ㅅ, ㅈ, ㅊ, ㅌ काहीही असू शकतं.

चाकणकर (दुपारी 4:45)

नुसत्या कानाने ओळखता येतच नाही. 빗 कंगवा, 빚 कर्ज, 빛 प्रकाश. एकटे उच्चारले तर तिन्ही पीत्, कोरियन माणसालाही फरक कळणार नाही. त्याला वाक्यावरून कळतं. म्हणून शब्द पाठ करताना एकटा पाठ करायचाच नाही, 이 लावून पाठ करायचा. पीशी, पीजी, पीछी. आता तिघे वेगळे झाले, आणि तळाला काय लिहायचं ते तोंडानेच लक्षात ठेवलं.

नॅशनल इन्स्टिट्यूटचा प्रमाण कोश ऑनलाइन आहे, stdict.korean.go.kr. त्यात 꽃 शोधलंस तर उच्चार [꼳] दिसेल आणि शेजारीच 꽃이 [꼬치], 꽃만 [꼰만] ही दोन रूपं दिसतील. एक स्वरापुढचं, एक अनुनासिकापुढचं. हेच तीन आवाज प्रत्येक नव्या नामासाठी वहीत लिही. शिकणाऱ्यांसाठी krdict.korean.go.kr वेगळा आहे, तो सोपा आहे आणि त्यात उच्चार ऐकताही येतो.

आणखी एक, जे वर्कशीट तपासणाऱ्याला दिसत नाही. तू 꽃 एकटं म्हणतेस तेव्हा शेवटचा त् सोडत असशील, क्कोत्‌ह असा बारीक झुळका येत असेल. आपल्या सगळ्यांचा येतो. तळहात तोंडासमोर धरून बघ. कोरियनमध्ये जीभ वर टेकते आणि तिथेच राहते, हवा बाहेर येत नाही. मराठीत हे आपण करतो, पण दोन शब्दांच्या मध्ये. 'भात दे' भराभर म्हण. भातचा त् सुटत नाही, जीभ टेकलेली असतानाच द सुरू होतो. 'भात' म्हणून दे म्हणायच्या आधी थांब, जीभ न हलवता. तो तुझा बाच्छिम. जीभ सुटली नाही तर पुढे म आल्यावर त् चा न् व्हायला वेगळे कष्टच पडत नाहीत, हवा नाकाने निघून जाते.

शास्त्रीबुवा (संध्याकाळी 5:30)

भात दे, भात दे करून घरात सगळ्यांनी विचारलं की जेवायची वेळ झाली का. :)

पण मान गये. एक शंका. आमच्याकडे 'जगत् + ईश' मध्ये द् लिहितात, तुमच्याकडे 꽃 위 मध्ये ㄷ. तो त् ऐकू येतो की द्?

चाकणकर (संध्याकाळी 5:50)

दोन स्वरांच्या मध्ये आला की आपल्या कानाला द् च. कोरियन माणूस त्यात फरक करत नाही, एकाच अक्षराने लिहितो. म्हणजे तुमचा जगदीश इथे पुरता जुळला.

तळ्यातमळ्यात (सोमवार, रात्री 9:20)

आज स्वतःच वर्कशीट बनवलं. शब्द घेतला 밭, शेत. उत्तरं कोशात बघायच्या आधी लिहिलीत:

밭 → [받]
밭을 (शेत, कर्म म्हणून) → [바틀], कारण प्रत्यय
밭만 → [반만]
밭 아래 (शेताखाली) → [바다래], कारण 아래 स्वतंत्र
밭이 → [바티], कारण प्रत्यय

बघा बरं.

चाकणकर (रात्री 9:45)

पहिल्या चार बिनचूक. पाचवीत तुझं कारण बरोबर आणि उत्तर चूक. ㅌ मोकळा होऊन पुढे गेला हे खरं, पण प्रत्ययाचा 이 समोर आला की ㅌ चा ㅊ होतो आणि ㄷ चा ㅈ. म्हणून पाछी, [바치]. सुपारीताईंनी वर 같이 चं 가치 लिहिलं ना, तेच हे. हे फक्त इ पुढेच होतं, 밭을 मध्ये पाथुल च राहतं.

आता तुला गृहपाठ. 밭이랑. दोन अर्थ आहेत. 이랑 हा 'आणि, बरोबर' अर्थाचा प्रत्यय आहे, आणि 이랑 म्हणजे शेतातला वरंबाही. लेखन अक्षरशः एकच. दोन्ही वाचून दाखव.

तळ्यातमळ्यात (रात्री 10:30)

'शेत आणि' असेल तर प्रत्यय, समोर इ, म्हणून ㅌ चा ㅊ: [바치랑].

वरंबा असेल तर स्वतंत्र शब्द, सुरुवात इ ने, म्हणून न येणार: 밭 + 니랑, 받니랑, मग ㄷ चा न: [반니랑]. पान्निरांग.

चाकणकर (रात्री 10:34)

दोन्ही बरोबर. बाईंना हा शब्द पुढच्या शनिवारी विचार.

खारीबिस्कीट (रात्री 10:50)

मी सगळं वाचलं. आणि 맛있다 चं काय? मालिकेत सगळे माशित्ता म्हणतात. 있다 तर स्वतंत्र शब्द आहे ना? मग मादित्ता हवं.

चाकणकर (रात्री 11:05)

खारी, तुझा प्रश्न आज सगळ्यात चांगला. नियमाने मादित्ताच. पण लोक माशित्ता इतकं म्हणतात की प्रमाण नियमांतही दोन्ही चालतात असं लिहिलंय.

सुपारीफुल (रात्री 11:20)

बघा! म्हणजे लोकांनी म्हटलं की नियम बदलतो. मग क्कोशी ने काय घोडं मारलंय?